तुतारीच्या आधी व्हिडिओ मिळेल का?

दशावतारी नाटकांचं शूटिंग करतो म्हटलं की कणकवलीत पहिला प्रश्न ठरलेला: "व्हिडिओ कधी देतलस?" जत्रेला आलेल्या चाकरमान्याला तुतारी एक्स्प्रेस पकडायची असते आणि पेनड्राइव्ह खिशात टाकूनच निघायचं असतं. म्हणून एक्स्पोर्ट लावण्याआधी मी एक छोटा तुकडा काढतो आणि घड्याळ लावतो.

परवाचं नाटक एडिट होऊन २०० मिनिटांचं झालं. टाइमलाइनवर I आणि O दाबून एक मिनिटाचा तुकडा निवडला, तो ५० सेकंदांत निघाला. सरळ २०० ने गुणायचं? नाही. त्या ५० सेकंदांत सॉफ्टवेअरची सुरुवातीची जुळवाजुळवही आली, आणि ती एकदाच होते. मग त्याच प्रवेशातला चार मिनिटांचा तुकडा काढला. त्याला १७० सेकंद लागले. म्हणजे वाढीव तीन मिनिटांना १२० सेकंद, मिनिटाला ४०. उरलेले दहा सेकंद जुळवाजुळवीचे.

पण तुकडा कुठला घेता यावरही बरंच असतं. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासूर यांच्या आडदशावतारात उजेड एकसारखा, नुसता कलर ठीक केलेला. पुढे आख्यानात ट्रिकसीन येतो, धूर सुटतो, दिवे मंद होतात. तिथला दाणेदारपणा घालवायला मी नॉइज रिडक्शन लावतो, आणि ते मशीनला फार जड जातं. त्या भागाचा वेगळा तुकडा काढला तर मिनिटाला ९० सेकंद लागले. असा जड भाग एकूण ४० मिनिटांचा होता. हलक्या १६० मिनिटांचे ६४०० सेकंद आणि जड ४० चे ३६००, मिळून १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांच्या आसपास. स्क्रीनवरची 'उरलेला वेळ' दाखवणारी पट्टी सुरुवातीला बरंच कमी सांगत होती. तिला पुढचा धूर कुठे माहीत!

उकाड्याचा हिशेब वेगळा. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि थंड मशीनवरच्या चार मिनिटांच्या चाचणीत ते दिसतच नाही. म्हणून मी आधी मशीन थोडा वेळ कामाला लावतो आणि मगच मोजतो. शिवाय तयार प्रिव्ह्यू वापरण्याचा पर्याय बंद ठेवतो, नाहीतर आधीच रेंडर झालेला तुकडा भराभर निघून फसवतो. एवढं करूनही गिऱ्हाईकाला साडेतीन तास सांगितले. काम तीन तासांच्या आत झालं.

कॉपीचा वेळ त्यात धरला नव्हता, तो वेगळा सांगितला. ८ एमबीपीएसने २०० मिनिटांची फाइल साधारण १२ जीबीची होते, आणि FAT32 पेनड्राइव्ह ४ जीबीच्या वरची एक फाइल घेत नाही. गिऱ्हाईकाने आणलेला पेनड्राइव्ह एक्स्पोर्ट चालू असतानाच तपासा, आत काही असेल तर काढून घ्या आणि exFAT करून ठेवा.