वारीतल्या सेवेची पुस्तिका

26 मे 2025, सोमवार

पालखी मार्गावर आमचे प्रथमोपचार आणि चुकामूक मदत केंद्र असते. तिथे सेवेला येणाऱ्यांसाठी दरवर्षी एक प्रशिक्षण होते. त्या स्लाइडवरून छापील पुस्तिकेतले एक प्रकरण तयार करायचे माझ्याकडे आले आहे. त्यात तीनच विषय आहेत: काय करायचे, कसे वागायचे आणि कोणाला कळवायचे. 19 जूनला आळंदीहून माउलींची पालखी निघेल, म्हणजे छपाई धरून हातात फार दिवस नाहीत.

आज सगळ्या स्लाइड वाचल्या. ‘संयम ठेवा’, ‘तत्पर राहा’, ‘पाणी व ओआरएस’, ‘वरिष्ठांना कळवा’. प्रशिक्षणात याच ओळी जिवंत वाटतात, कारण डॉक्टरताई प्रत्येक ओळीवर दहा मिनिटे बोलतात. ते बोलणे स्लाइडवर नाही. पुस्तिका उघडणारा पोरगा दिवे घाटाच्या पायथ्याशी दुपारी एक वाजता एकटा उभा असेल आणि समोर कोणीतरी खाली बसलेले असेल. त्याला ‘तत्पर राहा’चा काय उपयोग?

तेव्हा स्लाइड बाजूला ठेवल्या आणि मागच्या वर्षीच्या प्रशिक्षणाचे रेकॉर्डिंग लावले. प्रकरण त्यातूनच लिहायचे.

28 मे, बुधवार

आजचा पूर्ण दिवस ‘पाणी व ओआरएस’ या एका ओळीवर गेला, आणि तो जायलाच हवा होता.

ओआरएसची पाकिटे दोन मापांची येतात. एक लिटर पाण्याचे मोठे पाकीट आणि पेलाभर, म्हणजे 200 मिलीचे, लहान. देणगीत दोन्ही मिसळून येतात. ‘एक पाकीट एका बाटलीत’ असे तोंडी सांगितले की कोणी मोठे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओततो. पाणी दुप्पट खारट होते आणि ते आजाऱ्याला अपायच करते. उलट लहान पाकीट लिटरभर पाण्यात टाकले तर ते देऊन न दिल्यासारखेच. म्हणून मी लिहिले: ‘पाकिटावर छापलेले माप वाचा. तेवढेच पाणी मोजून घ्या. पूर्ण पाकीट टाका, अर्धे टाकू नका. साखर, मीठ, लिंबू वरून घालू नका.’

दुसरा भाग अधिक जोखमीचा आहे. उन्हाने थकलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांतला फरक डॉक्टरताई फार नेमका सांगतात. घामावर जाऊ नका, असे त्या म्हणतात. चालून चालून उष्माघात झालेल्याला घाम असू शकतो. बघायचे ते भान. नाव, गाव, दिंडी विचारा. उत्तर नीट आले तर सावलीत बसवा आणि घोट घोट पाणी द्या. असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, झटका आला किंवा उत्तरच नाही, तर तोंडात थेंबही घालायचा नाही. 108 लावा. तोवर सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध असेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा.

स्लाइडवर या सगळ्याची जागा पाण्याच्या बाटलीच्या चित्राने घेतली होती. ते चित्र काढून टाकले. बेशुद्ध माणसाच्या तोंडाला बाटली लावण्याची सवय आपल्याकडे आधीच फार आहे.

31 मे, शनिवार

चुकामुकीचे पान. सकाळी एक जुने विणेकरी काका केंद्राच्या बैठकीला आले होते. त्यांना मसुदा वाचून दाखवला. ‘हरवलेल्या वारकऱ्याचा दिंडी क्रमांक विचारा’ या वाक्याशी त्यांनी मला थांबवले.

“रथापुढची का रथामागची?” ते म्हणाले. “नुसता नंबर घेऊन तुमचा पोरगा उलट्या दिशेला पळेल.”

माउलींच्या सोहळ्यात दिंड्यांना रथापुढे आणि रथामागे असे वेगळे क्रमांक असतात. दहा नंबरची दिंडी पुढेही आहे आणि मागेही. साठी ओलांडलेल्या मावशी घाबरल्या की नुसता आकडा सांगतात. आता पानावर चार प्रश्न क्रमाने आहेत: नाव आणि गाव, दिंडी रथापुढची की मागची, तिचा क्रमांक, आज मुक्कामाला राहुट्या कुठे आहेत. शेवटचे उत्तर बहुतेकांना येत नाही, पण दिंडीच्या ट्रकवर काय लिहिले आहे ते मात्र आठवते. म्हणून तेही विचारायला लिहिले.

काकांनी वागणुकीतही एक भर घातली. भजन चालू असताना दिंडीच्या रांगेतून आडवे जायचे नाही. रांगेच्या कडेने चालत मागे जायचे आणि शेवटच्या माणसामागून ओलांडायचे. स्लाइडवर ‘परंपरेचा आदर राखा’ होते. आदर कसा राखायचा ते आता कळते.

3 जून, मंगळवार

हरवलेले मूल. हे पान मी मोठ्यांच्या चुकामुकीपासून पूर्ण वेगळे काढले, कारण नियमच वेगळा आहे. म्हातारबाबांना त्यांच्या दिंडीत हाताला धरून सोडता येते. मुलाला ‘मी त्याचा काका’ म्हणणाऱ्याच्या हवाली करता येत नाही.

बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 32 प्रमाणे हरवलेले मूल सापडले तर चोवीस तासांच्या आत पोलिस, चाइल्डलाइन किंवा बाल कल्याण समितीसारख्या यंत्रणेला कळवणे बंधनकारक आहे. पुस्तिकेत चोवीस तास हा शब्द मुद्दाम ठेवला नाही. मुदत लिहिली की माणसे ती वापरतात. ‘लगेच’ लिहिले. सोबत दोन स्वयंसेवक, त्यांपैकी एक बाई. मुलाला तंबूच्या आत न्यायचे नाही, दर्शनी बाकावर बसवायचे. केंद्रप्रमुखाला सांगायचे, 1098 आणि 112 ला कळवायचे. ताबा द्यायचा तो पोलिसांनी.

ध्वनिक्षेपकावरून मुलाचे नाव आणि कपडे सांगायचे नाहीत. तेवढ्यावरून कोणीही ओळख सांगू शकतो. मुलाने सांगितलेले आईबापांचे नाव पुकारायचे आणि आलेल्यांकडून मुलाचे वर्णन घ्यायचे. व्हॉट्सअॅपवर फोटो नाही, चांगल्या हेतूनेही नाही. स्लाइडवर फक्त ‘मुलांची काळजी घ्या’ होते.

7 जून, शनिवार

कोणाला कळवायचे? स्लाइडवर उतरंड होती: अध्यक्ष, सचिव, समन्वयक, गटप्रमुख, स्वयंसेवक. पदांचा मान तिथे दिसतो, पण छातीत दुखणाऱ्यासाठी फोन कोणाला करायचा ते दिसत नाही. उतरंड मोडली आणि प्रसंगावरून ओळी केल्या. भान हरपले, छातीत दुखते, रक्त थांबत नाही: आधी 108, मग केंद्रातले डॉक्टर. चक्कर, पायाला फोड, जुलाब: केंद्रातले डॉक्टर. मूल सापडले: हरवलेल्या मुलाच्या पानाप्रमाणे. स्वयंसेवकाकडूनच गैरवर्तन झाले: महिला समन्वयक, आणि त्या नसल्या तर विश्वस्त, गटप्रमुखाकडे नेण्याची सक्ती नाही.

सचिवांना ही शेवटची ओळ रुचली नाही. आधी गटप्रमुखाला कळावे, असे त्यांचे म्हणणे. तक्रार गटप्रमुखाविरुद्ध असेल तर ती कुठे जाणार, एवढेच विचारले. ओळ राहिली.

प्रत्येक ओळीत ‘फोन लागला नाही तर’ असा रकाना आहे. पालखी मुक्कामाला आली की गर्दीने नेटवर्क कोलमडते. त्या रकान्यात माणूस आणि जागा लिहिली आहे: जवळचा पोलिस मदत कक्ष, शासनाचे आरोग्य पथक, आणि एक स्वयंसेवक पायी पाठवा, दुसऱ्याला आजाऱ्यापाशी थांबवा.

11 जून, बुधवार

प्रशिक्षणाला न आलेल्या दोन नव्या मुलींना प्रकरण वाचायला दिले आणि प्रसंग सांगितले. “आजोबा घामाघूम आहेत, पण गावाचे नाव चुकीचे सांगताहेत.” एकीने लगेच 108 म्हटले. दुसरी ‘डोकेदुखीला गोळी देऊ का’ यावर अडली. मसुद्यात ‘औषधोपचार करू नये’ असे होते. गोळी म्हणजे औषधोपचार असे तिला वाटलेच नाही. वाक्य बदलले: ‘स्वतःजवळची कोणतीही गोळी, चूर्ण, मलम किंवा थेंब कोणालाही देऊ नका, मागितले तरी.’

संध्याकाळी मजकूर छापखान्यात दिला. खिशात मावेल असा आकार, ठळक मोठी अक्षरे, वर ‘आवृत्ती: जून 2025’. दूरध्वनीचे पान सुटे ठेवले आहे. माणसे दरवर्षी बदलतात, तेवढेच पान पुन्हा छापता येईल. ज्यांच्याकडे जुन्या स्लाइडचे फोटो मोबाइलमध्ये असतील त्यांनी ते पुसून टाकावेत. त्यातले दोन क्रमांक आता बंद आहेत.