स्लॅबचं पाणी

मंडळी, वास्तुशांत झाली, होम झाला, पानंही मांडून झालीत. पंगत बसायच्या आधी थोडं बोलायचं आहे.

काल रात्री आभाराची यादी करायला बसलो. विटा, रेती, लोखंड, सेंट्रिंग असं लिहीत गेलो आणि 'पाणी' या शब्दापाशी हात थांबला. बाकी सगळं कुठून ना कुठून विकत मिळालं. पाणी तेवढं तुम्ही डोक्यावरून आणलंत. म्हणून आज त्याचंच बोलतो.

चैत्रात स्लॅब टाकला, 600 चौरस फुटांचा, 5 इंच जाडीचा. सकाळी सातला सुरू झालेला मिक्सर दिवेलागणीला थांबला. मध्ये थांबून चालत नाही. आधीचा माल घट्ट झाल्यावर त्याला लागून नवा टाकला, तर दोघांत सांधा राहतो आणि पावसाळ्यात नेमकं तिथूनच पाणी उतरतं. धसईकडून मामा भावकीतली अकरा माणसं घेऊन आदल्या रात्रीच आले होते. त्या दिवशी घमेलं जमिनीवर टेकलं नाही, एका हातातून दुसऱ्या हातात जात वर गेलं.

खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. गवंडीदादांनी स्लॅबवर मातीचे बांध घातले आणि वर भाताच्या खाचरांसारखे वाफे झाले. ते म्हणाले, "सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. चौदा दिवस दोन इंच पाणी उभं राहू द्या." मी हिशेब केला. एकदा भरायलाच सुमारे 2,800 लिटर, म्हणजे 15 लिटरच्या हंड्याचे जवळपास 190 हंडे. पुढे उन्हानं उडेल त्याची भर घालायला रोज तीसेक.

तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतंय. भातसा धरणही आपल्याच शहापूर तालुक्यातलं. आणि चैत्र-वैशाखात आपल्या पाड्यांवरच्या बाया टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. हे इथं कुणाला समजावून सांगायला नको, तुमच्या मानांना ते ठाऊक आहे.

पहिली भरती टँकरनं झाली. पाचव्या दिवशी ठरलेला टँकर आला नाही, सहाव्या दिवशीही नाही. ओला स्लॅब काळसर दिसतो. त्या दुपारी पश्चिमेकडचा वाफा पांढरा पडला आणि त्यात केसासारख्या दोन चिरा दिसल्या. मी जिन्यावर बसून राहिलो. पाणी मागायचं कोणाकडे? विहिरीला झरा तेवढा उरला होता. एक हंडा भरायला किती वेळ खोल वाकून बसावं लागतं, हे मी लहानपणापासून आईला बघून शिकलो आहे.

मी मागितलंच नाही. तरी संध्याकाळी आत्या हंडा घेऊन जिना चढली, मागून वहिनी, त्यांच्या मागे वरच्या पाड्यावरच्या ठाकरांच्या बाया. आपसांत ठरवूनच आल्या होत्या: घरटी एक हंडा, आधी स्लॅबला, मग चुलीला. आपल्या आळीत एकतीस उंबरे आहेत. मला रोज जेवढं पाणी लागत होतं, तेवढेच हंडे रोज आले. त्याच रात्री मामांचा ट्रॅक्टर सरळगाव-किन्हवली रस्त्यानं पाच पिंपं भरून आला, हजार लिटर. मामा, म्हशाच्या जत्रेत बैलजोडी घ्यायला ठेवलेले पैसे तुम्ही पौषातच माझ्या लोखंडाला दिलेत. ते कुणाला सांगू नको म्हणाला होतात. आज सांगितलं, रागावू नका.

चौदा दिवस पाणी टिकलं. मग सेंट्रिंग उघडलं. गवंडीदादांनी त्या दोन चिरांत सिमेंटचं पातळ पाणी सोडलं. पुढे पुन्हा बांध घालून तीन दिवस पाणी साठवलं आणि खालून हात फिरवून पाहिला. छत कोरडं होतं. तरी मृगाची पहिली सर येईल त्या रात्री मी बॅटरी घेऊन त्या कोपऱ्याखाली उभा असेन.

ज्यांनी भट्टीवर उन्हात विटा पाडल्या ती कातकरी कुटुंबं काम संपवून आपापल्या गावी गेली. त्यांच्या नावाची पानं आज बाजूला काढून ठेवली आहेत, उद्या मी स्वतः पोचवीन.

आता एकच मागणं. जिन्याची चौथी पायरी नुकतीच लिंपली होती, तेव्हा कुणीतरी दम खायला हंडा तिच्यावर टेकवला. त्याच्या बुडाची गोल खूण तिथं उठली आहे. गवंडीदादा ती बुजवायला निघाले होते, मी बुजवू दिली नाही. ती नेमकी कुणाच्या हंड्याची, हे मला अजून कळलेलं नाही. जेवून झाल्यावर आयाबायांनी जरा वर जाऊन बघावं. आपलं बुड आपल्याला ओळखू येईल, असं आत्या म्हणते.