एक फोन, दोन नंबर

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारी दोनच्या सुमारास धुळ्याहून माझ्या चुलत नणंदबाईंचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "भाभी, बाई गेल्या." बाई म्हणजे त्यांच्या सासूबाई. मी तेव्हा पापडाच्या पिठात हात घालून बसले होते, फोन पाहिलाच नाही. पण माझ्या फोनने लगेच उत्तर दिले होते, "नमस्कार! आमच्या घरगुती पापडांमध्ये रस दाखवल्याबद्दल धन्यवाद. आपल्याला किती किलो हवेत?"

अर्ध्या तासाने ते वाचले आणि अंगाला घाम फुटला. लगेच फोन केला, क्षमा मागितली. नणंदबाई समजूतदार, रडता रडताही म्हणाल्या, "मशीनने पाठवले असेल." पण त्यांच्या मुलाने ते वाचले होते, आणि संध्याकाळी धुळ्याला पोहोचल्यावर माझी मान वर होत नव्हती.

चूक अशी झाली होती. ऑर्डरी वाढल्या म्हणून मी व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप घेतले आणि नंबर विचारल्यावर माझा नेहमीचाच टाकला. एक नंबर एका वेळी दोन्हींपैकी एकाच ॲपवर चालतो. त्यामुळे माझे घरचे खाते उचलून बिझनेसमध्ये गेले, आणि सगळे नातेवाईक माझे गिऱ्हाईक झाले! त्यातला स्वागताचा मेसेज पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, तसाच चौदा दिवस ज्याच्याशी बोलणे झालेले नाही त्यालाही जातो. नणंदबाईंशी महिनाभर बोलणे नव्हते.

मी बी.कॉम. आहे हो! मालक आणि धंदा वेगळे, हा पहिल्या वर्षाचा धडा. घरी एक किलो पापड नेले तरी ती उचल म्हणून लिहायची. आणि मी खाते मात्र एकच ठेवले होते.

मग दुसरे सिम घेतले. फोनला दोन सिमची जागा होतीच. नातवाने आधी Change number सुचवले, पण त्यात कुटुंबाचे आणि स्वाध्यायाचे ग्रुपही नव्या नंबरवर गेले असते. म्हणून आधी अपुऱ्या ऑर्डरी आणि पत्ते वहीत उतरवून घेतले. मग साधे व्हॉट्सॲप उघडून त्यात जुना नंबर टाकला, ओटीपी आला, ग्रुप जागच्या जागी राहिले. मधल्या काळातले मेसेज मात्र परत आले नाहीत, म्हणून वही कामाला आली. त्यानंतर बिझनेस ॲपमध्ये नवा नंबर टाकला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना तो कळवला. इंटरनेट पहिल्या सिमचेच चालते, दोन्ही ॲप त्यावर चालतात.

इतके करूनही एक गफलत राहतेच. फोनमधली नावांची यादी एकच असते आणि दोन्ही ॲप तीच वाचतात. म्हणून जळगावच्या एका गिऱ्हाईकबाईंना मी घरच्या खात्यावरून पापडाचा फोटो पाठवला आणि त्यांच्याकडे माझा खासगी नंबर गेला. आता गिऱ्हाइकाच्या नावाआधी 'पापड' लिहिते, आणि पाठवण्याआधी चिन्ह बघते. बिझनेसच्या चिन्हात इंग्रजी B असतो.

Greeting message मध्ये पाठवायचे कोणाला हे निवडता येते. मी Everyone not in address book ठेवले आहे, म्हणजे फोनमध्ये नाव साठवलेल्या माणसाला तो जात नाही. सूर्यास्तानंतर मी ऑर्डर घेत नाही, तेव्हाच्या Away message लाही असेच करता येते. त्यासाठी फोन इंटरनेटवर मात्र असावा लागतो, नाहीतर तो जातच नाही.

आणखी एक, दुसऱ्या सिमकडे दुर्लक्ष नको. तीन महिने त्यावर कॉल, मेसेज, डेटा काहीच वापर नसेल आणि बॅलन्स वीस रुपयांच्या खाली असेल, तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला मिळूही शकतो. मग ओटीपी त्याच्या हातात! मी दर महिन्याच्या एक तारखेला नव्या नंबरवरून भाचीला फोन लावते. दोन्ही खात्यांना सहा आकड्यांचा पिनही लावला आहे, तो वहीत नाही, डोक्यात आहे.

परवा नणंदबाईंचा मेसेज आला, पाच किलो उडीद पापड हवेत म्हणून. आला मात्र घरच्या नंबरवर. मी लिहिले, "दुसऱ्या नंबरवर टाका." त्यांचे उत्तर आले, "भाभी, तिकडे मशीन बोलते, मी तुमच्याशीच बोलते." ती ऑर्डर मी हातानेच वहीत लिहिली.