पावती हरवली म्हणून भरलेला कर बुडत नाही

पोस्ट लांब आहे, पण पेन्शनवाल्यांनी आणि ज्यांचं रिटर्न दुसरा कोणी भरून देतो त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. गेल्या महिनाभरात गांधी चौकात तिघांनी मला थांबवून एकच विचारलं, "सर, जुन्या वर्षाची इन्कम टॅक्सची नोटीस आली, पावती तं सापडून नाही राह्यली, आता कसं?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा माझंच प्रकरण इथे सविस्तर लिहितो.

ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट. जुलैमध्ये रिटर्न भरलं होतं, ११ हजारांच्या आसपास रिफंड यायचा होता. रिफंडऐवजी कलम २४५ ची सूचना आली. मजकूर असा, की कर निर्धारण वर्ष २०१८-१९ ची ९,३४० रुपयांची मागणी तुमच्याकडे बाकी आहे, ती या रिफंडमधून वळती का करू नये ते कळवा. मागणी थकली की त्यावर महिन्याला एक टक्का व्याज चढतं. एप्रिल २०१९ पासूनचं धरलं तर आकडा १३ हजारांच्या वर जात होता. म्हणजे रिफंड तर जाणारच, वरून दोन हजार देणं.

मला पक्कं आठवत होतं की ते पैसे मी भरले आहेत. २०१७ ला निवृत्त झालो, मिळालेल्या रकमेची एफडी केली. बँकेने व्याजावर १० टक्के टीडीएस कापला, पण मी बसत होतो २० टक्क्यांत. फरकाचे ९,३४० रुपये जुलै २०१८ मध्ये चेक देऊन चलनाने भरले होते. आठवण पक्की, पुरावा शून्य. माळ्यावरच्या पेटीतल्या फाइलींना वाळवी लागली होती आणि दिवाळीच्या सफाईत सगळा भुगा आम्हीच घूरावर टाकला होता. रिटर्न भरून देणारा म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ, भरून टाका, लहान रक्कम हाय." लहान असेल, पण दोनदा काहून भरायची?

सगळ्यात आधी नोटीस खरी आहे का ते पाहिलं. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर एक दस्तऐवज क्रमांक, म्हणजे डीआयएन, असावा लागतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर Authenticate Notice/Order Issued by ITD अशी लिंक आहे. तिथे लॉगिन न करता हा क्रमांक तपासता येतो. क्रमांक जुळला. नसता जुळला तर पुढचं काहीच करायचं नव्हतं.

मग लॉगिन. इथे पहिला धक्का बसला. पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल दोन्ही रिटर्न भरून देणाऱ्याच्या दुकानाचे होते. २०१९ मध्ये या मागणीचं पत्र आलं असणार, पण ते गेलं त्याच्या मेलवर, शेकडो मेलमध्ये. आधारला माझा स्वतःचा मोबाइल जोडलेला होता, त्यामुळे Forgot Password मधून आधार ओटीपीने पासवर्ड बदलता आला. लगेच My Profile मध्ये जाऊन माझा नंबर आणि माझा ईमेल टाकला. ही पोस्ट वाचून एवढं एक काम केलं तरी पुरे.

आत गेल्यावर e-File, त्यात Income Tax Returns, त्यात View Filed Returns. तिथे वर्षवार सगळी ऑनलाइन भरलेली रिटर्न्स दिसतात. २०१८-१९ च्या समोर Download Receipt दाबलं की पोचपावती येते, १५ अंकी क्रमांकासह. Download Form दाबलं की पूर्ण रिटर्न येतं. लोक पावती मिळाली की थांबतात. पण पावती फक्त एवढंच सांगते की रिटर्न भरलं. कर भरल्याचा माग असतो तो रिटर्नच्या आत, स्वतः भरलेल्या कराच्या तक्त्यात. तिथे बँक शाखेचा सात अंकी बीएसआर कोड, भरल्याची तारीख, चलनाचा पाच अंकी क्रमांक आणि रक्कम असते. माझ्या तक्त्यात २७ जुलै २०१८ आणि ९,३४० रुपये स्पष्ट होते. वाळवीने खाल्लेल्या चलनाची ओळख मला माझ्याच रिटर्नमध्ये सापडली.

त्याच पानावर कलम १४३(१) चं पत्रही मिळालं, मार्च २०१९ चं. ते उघडायला पासवर्ड लागतो: पॅन लहान अक्षरांत आणि त्याला लागून जन्मतारीख. त्या पत्रात दोन रकाने असतात, एकात तुम्ही लिहिलेले आकडे, दुसऱ्यात खात्याने धरलेले. वरून खाली येत जायचं आणि पहिला फरक कुठे पडतो ते बघायचं. माझं उत्पन्न जुळत होतं, वजावट जुळत होती, टीडीएस जुळत होता. स्वतः भरलेल्या कराच्या ओळीत मात्र माझ्या बाजूला ९,३४० आणि त्यांच्या बाजूला शून्य. म्हणजे भांडण उत्पन्नाचं नव्हतंच. पैसे खात्याला दिसत नव्हते, एवढंच.

मग पैसे गेले कुठे? त्यासाठी फॉर्म २६एएस उघडला. २०१८-१९ चा पाहिला, त्यात ते चलन नव्हतं. इथे बरेच जण हात टेकतात. मी सहज आधीचं वर्ष निवडलं, २०१७-१८, आणि टीडीएसच्या खाली, टीडीएसशिवाय भरलेल्या कराच्या भागात माझे ९,३४० रुपये बसलेले! तोच बीएसआर कोड, तीच तारीख, तोच चलन क्रमांक.

चूक लक्षात आली. कमाई २०१७-१८ या आर्थिक वर्षाची, तिचं कर निर्धारण वर्ष २०१८-१९. चलनावर कर निर्धारण वर्षाच्या चौकटीत कमाईचंच वर्ष लिहिलं गेलं. चलन दुसऱ्याने भरलं होतं, पण सही करताना मीही पाहिलं नाही. जन्मभर पोरांना उत्तरपत्रिका पुन्हा वाचा म्हणत आलो आणि स्वतः एक चौकट वाचली नाही.

आता बँक. नेटवर इतकं जुनं दिसत नव्हतं. बँकांना खात्याची लेजर किमान ८ वर्षं जपावी लागतात, म्हणून शाखेत लेखी अर्ज दिला: खाते क्रमांक, जुलै आणि ऑगस्ट २०१८, आणि उतारा शिक्क्यासह प्रमाणित करून हवा. "जुनं स्टेटमेंट द्या" एवढंच तोंडी म्हटलं तर काउंटरवरून हात हलवत परत यावं लागतं. चार दिवसांत उतारा मिळाला. त्यात ९,३४० ची नोंद होती, पण ३० जुलैची. चलन २७ चं, नावे टाकलं ३० ला. घाबरायचं कारण नव्हतं. २७ ला शुक्रवार होता, चेक दुसऱ्या बँकेचा, वटायला सोमवार उजाडला. अशा वेळी तारखेवर अडून न बसता रक्कम आणि चेक क्रमांक जुळवायचा. आणि एक लक्षात ठेवा, बँकेचा उतारा पैसे खात्यातून गेले एवढंच सांगतो. ते सरकारच्या खात्यात कोणत्या वर्षाला जमा झाले ते त्या वर्षांसाठी २६एएसच सांगतो. दोन्ही कागद लागतात.

मुदतीच्या आत पोर्टलवर Pending Actions मधल्या Response to Outstanding Demand मध्ये जाऊन मागणी मान्य नाही असं नोंदवलं आणि चलनाचा तपशील दिला. तेवढ्याने काम होणार नव्हतं. चलनावरच्या वर्षाची चूक पैसे भरल्यापासून सात दिवसांत बँकेतून सुधारता येत होती, त्यानंतर ती फक्त आपला कर निर्धारण अधिकारीच सुधारू शकतो. म्हणून नागपूरला जाऊन त्यांच्या नावे अर्ज दिला. सोबत २०१८-१९ चं रिटर्न आणि पोचपावती, १४३(१) चं पत्र, २०१७-१८ चा २६एएस, बँकेचा उतारा. शिवाय एक कागद जो कोणी मागितला नव्हता पण सगळ्यात कामी आला: २०१७-१८ चं रिटर्न. कारण अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो, की ज्या वर्षात हे चलन पडलं आहे त्या वर्षी तुम्ही या पैशाचा फायदा घेतला का? त्या रिटर्नच्या तक्त्यात हे चलन नव्हतं, म्हणजे घेतला नव्हता. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला.

घाईचं आणखी एक कारण होतं. अशा पत्रातली चूक कलम १५४ खाली दुरुस्त करायला, ते पत्र ज्या आर्थिक वर्षात निघालं ते संपल्यापासून चार वर्षं मिळतात. माझं पत्र मार्च २०१९ चं, म्हणजे मुदत ३१ मार्च २०२३. "बघू नंतर" म्हणत उन्हाळ्यापर्यंत गेलो असतो तर सहाही कागद हातात असून रस्ता अवघड झाला असता. चलन योग्य वर्षाला वळलं, फेब्रुवारीत दुरुस्तीचा आदेश आला, मागणी शून्य. कर वेळेत भरलेला होता म्हणून व्याजही गेलं. काही आठवड्यांनी रिफंड खात्यात पडला.

सगळ्यांचं असं सापडेलच असं मात्र नाही. आमच्या शेजारच्या काकांना २००७-०८ ची मागणी दिसत होती. त्यांचं रिटर्न कागदी, शिक्का मारलेलं, ते पोर्टलवर नाही. २६एएस कर निर्धारण वर्ष २००९-१० पासूनचाच मिळतो, आणि बँकेची ८ वर्षं कधीच उलटलेली. काकांकडे मांडायला काहीच उरलं नव्हतं. त्यांना वाचवलं ते २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पाने. कर निर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या सरकारने सोडून दिल्या, एका माणसाला एकूण १ लाखाच्या मर्यादेत. त्यानंतरच्या वर्षांना ही सूट नाही. म्हणून "जुनं आहे, माफ होईल" या भरवशावर राहू नका.

आता मी एवढंच करतो. रिटर्न भरल्यावर आठवडाभराने त्याच वर्षाचं एआयएस उघडून माझं चलन त्यात बसलं का पाहतो, आणि रिटर्न, पोचपावती, १४३(१) चं पत्र हे तीन कागद दरवर्षी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतो, एक प्रत पोराकडे.

कोणाला अडचण असेल तर संध्याकाळी घरी या, नोटीस आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन. आणि कृपा करून कमेंटमध्ये पॅन नंबर किंवा नोटिशीचा फोटो टाकू नका.