दुसऱ्याची कॉपी

मुख्य उपसंपादक झालं की पहिली अडचण हाताची होते. समोरची कॉपी दुसऱ्याने लावलेली आहे, ती त्यानेच सुधारायला हवी, हे पक्कं ठाऊक असतं. तरी हात की-बोर्डवर जातो, इंट्रो बदलतो, मथळा पुसून नवा घालतो. चार मिनिटांत बातमी चांगली होते आणि ज्याची ती होती तो चहा प्यायला निघून जातो. नागपुरात डेस्कवर माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, त्यातली निम्मी दुसऱ्यांची पानं बघण्यात. एवढ्या काळात या हाताला आवरणं मला पूर्ण जमलेलं नाही. आता आमच्या डेस्कवरच्या एका मुलीला बढती मिळाली आहे आणि पुढच्या आठवड्यापासून ती चार जणांची मुख्य होईल. म्हणून हे लिहायला बसलो.

हा हात आवरत का नाही, याचं कारण मला आमच्या धंद्यातच दिसतं. नागपुरात पत्रकाराचं नाव झालं ते अग्रलेखाने. माडखोलकरांचं नाव घेतलं की जुनी माणसं अजून ‘तरुण भारत’ची आठवण काढतात. बातमीदाराला निदान बायलाइन मिळते. डेस्कवाल्याचं नाव अंकात कुठेच नसतं. सकाळी कुणी तरी म्हणतं, ‘काल पहिल्या पानाचा मथळा मस्त होता’, आणि तो आपला होता हे ऑफिसातल्या पाच-सहा जणांना माहीत असतं, एवढीच काय ती कमाई. मी त्या कमाईवर जगलो. माझा मथळा ओळखू येतो, असं कुणी म्हटलं की दोन दिवस बरं वाटायचं. आजही वाटतं. त्यामुळे मुख्य उपसंपादकाने मथळे दुसऱ्यांवर सोपवायचे, म्हणजे आपली एकुलती एक सही सोडून द्यायची. पगार वाढतो, खुर्ची बदलते, त्यात या नुकसानाचा हिशेब कुणी धरत नाही.

आमच्यात असे नामवंत मुख्य उपसंपादक होऊन गेले, जे अख्खं पान स्वतः पुन्हा लिहायचे. त्यांचे किस्से मोठ्या कौतुकाने सांगतात. मला त्यांचं कौतुक उरलेलं नाही. त्यांच्या हाताखालचे लोक काय शिकले ते मी पाहिलं: कॉपी कच्ची टाकावी, साहेब बघतीलच. डेस्क असं सैल पडलं की ते एका ठिकाणी हमखास कळतं. मुख्याच्या साप्ताहिक सुटीच्या रात्री पान उशिरा सुटतं आणि त्याच्या घरचा फोन दर वीस मिनिटांनी वाजत राहतो. याच्या उलट जातीचेही आहेत. ते ‘विश्वास ठेवतो’ म्हणून न वाचताच पान पुढे ढकलतात. त्यांच्याबद्दल लिहायला शब्द खर्चू नयेत.

मी स्वतःपुरती एक वाटणी केली आहे. नाव चुकलं, आकडा चुकला, अत्याचारपीडितेची ओळख उघड होते आहे, कुणाची बदनामी होते आहे, अशा ठिकाणी चर्चा नाही. तिथे मी लगेच हात घालतो. वाचकाला कळणार नाही असं वाक्य असेल, तर दुरुस्त करत नाही, प्रश्न विचारून कॉपी परत करतो. आणि जे फक्त माझ्या चवीचं नाही, ते तसंच जाऊ देतो. सगळी कसरत तिसऱ्यात आहे, कारण आपली चव आपल्याला नेहमी वाचकाची गरज वाटते.

एका पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. गोसीखुर्दची सगळी ३३ दारं उघडली होती. वैनगंगाकाठच्या वार्ताहराची कॉपी आली, ‘विसर्ग पाच हजार क्युसेक’. डाक आवृत्तीचं पान बढती मिळालेल्या या मुलीकडे होतं. ती ब्रह्मपुरीची. गडचिरोलीकडच्या गाड्या लवकर निघतात, म्हणून ते पान आधी सोडावं लागतं. तिने आकडा तसाच घेतला होता. मला चूक दिसली होती आणि एक शब्द बदलला की काम झालं असतं. माझ्याच वाटणीप्रमाणे इथे लगेच हात घालायचा, पण त्या वेळी मी तो आवरला आणि एवढंच विचारलं, ‘एका दारातून किती पाणी जाऊन राहिलं?’

तिने भागाकार केला. एका दाराला दीडशे क्युसेक. एवढ्याशा पाण्यासाठी ३३ दारं कोण उघडेल? तिने वार्ताहराला फोन लावला, मग जिल्ह्याच्या पूर नियंत्रण कक्षाला. आकडा क्युमेकमध्ये होता, म्हणजे सेकंदाला पाच हजार घनमीटर. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, तेव्हा हा विसर्ग पावणेदोन लाख क्युसेकच्या वर जात होता. जो वाचक नदीकाठी झोपणार आहे, त्याच्यासाठी हा फरक छपाईच्या चुकीइतका लहान नव्हता. या सगळ्यात दहा मिनिटं गेली. मी बदललं असतं तर दहा सेकंद लागले असते. पण त्यानंतर धरणाचा आकडा आला की ती आधी एकक विचारते, आणि आता शेजारच्या टेबलावरचा मुलगाही विचारतो.

मग मथळा आला. माझ्या मनात ‘गोसीखुर्दची ३३ दारे उघडली’ तयार होता; आकडा, दृश्य, जोर, सगळं त्यात होतं. तिने दिला, ‘गोसीखुर्दचे पाणी गडचिरोलीकडे, नदीकाठी जाऊ नका’. मला तो सपाट वाटला आणि तो बदलायची फार इच्छा झाली. पण ते पान नागपूरकरांसाठी नव्हतंच. २०२० च्या ऑगस्टअखेर याच नदीने भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीत काय केलं हे खालच्या गावांना सांगावं लागत नाही. दारं किती उघडली यापेक्षा पाणी आपल्याकडे येतं आहे का, हे त्यांना सकाळी हवं होतं. वरच्या धरणाकडे मी नागपूरहून बघत होतो, ती खालच्या काठावरून बघत होती. मथळा तिचाच गेला.

वेळ नसतो, हे खरं आहे. पान सोडायला पंधरा मिनिटं उरली असताना प्रश्न विचारत बसणारा मुख्य गाडी चुकवतो. तेव्हा मी स्वतः लिहून मोकळा होतो. मात्र मूळ कॉपी आणि छापलेली बातमी, दोन्हींच्या प्रिंट काढून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, पाळी सुरू होण्याआधी, त्या माणसाजवळ बसतो. काय बदललं ते तो वाचतो, का बदललं ते मी सांगतो. दोन-तीन जागी मला कारण देता येत नाही. त्या जागा माझ्या चवीच्या असतात, आणि पुढच्या वेळी तिथे हात लावायचा नाही हे मला तेव्हा कळतं.

पूर्वी हे शिकवणं मुद्रितशोधकांच्या टेबलावरही व्हायचं. ऱ्हस्व-दीर्घावरून ते नवशिक्याला बोलवून घेत. ते खातं गेलं, डेस्कवरची माणसं कमी झाली आणि उरलेलं सगळं ओझं मुख्य उपसंपादकावर आलं. त्यात त्यालाच दोन पानं लावायलाही बसवतात, कारण तो सगळ्यांत वेगाने पान लावतो. ज्याच्या स्वतःच्या अंगावर दोन पानं आहेत तो दुसऱ्याची कॉपी परत करूच शकत नाही, त्याला ती हिसकावूनच घ्यावी लागते. म्हणून वृत्तपत्रांच्या व्यवस्थापनाला माझी विनंती आहे: नव्या मुख्य उपसंपादकाला पहिले तीन महिने स्वतःचं पान देऊ नका, आणि पाळीआधीचा अर्धा तास त्याच्या कामात धरा.