मंजुरी आणि जमा

आदरणीय ताई,



तुमच्या यजमानांच्या पॉलिसीवरील मृत्युदावा आज मंजूर झाला. मंजुरीपत्र सोबत जोडले आहे. कार्यालयाच्या भाषेत ते आटोपशीर असते आणि घरच्यांना मात्र त्यातून प्रश्न पडतात, म्हणून हे वेगळे पत्र.

पहिला प्रश्न रकमेचा असेल. विमा रक्कम 5,00,000 आणि आजवर जमलेला बोनस 2,40,000, असे मिळून 7,40,000 रुपये होतात. मंजुरीपत्रात मात्र 6,70,650 आहेत. यजमानांनी याच पॉलिसीवर कर्ज घेतले होते. त्याचे 60,000 आणि व्याजाचे 3,150 वजा झाले. शिवाय 10 मार्चचा तिमाही हप्ता भरायचा राहिला होता, त्याचे 6,200 कापले. ही शेवटची वजावट पाहून वाईट वाटून घेऊ नका. ते 28 मार्चला गेले, म्हणजे हप्त्याच्या 30 दिवसांच्या सवलतीच्या मुदतीत. त्यामुळे पॉलिसी चालूच होती आणि दावा उभा राहिला. मुदत उलटून गेली असती, तर ती बंद पडलेली पॉलिसी ठरली असती आणि हिशेब फार वेगळा झाला असता. या रकमेवर आयकर नाही, त्यामुळे टीडीएसही कापलेला नाही.

दुसरा प्रश्न, पैसे कधी? चौकशी न लागणारा मृत्युदावा निकाली काढायला विमा नियामकाने 15 दिवसांची मुदत दिली आहे. उशीर आमच्याकडून झाला, तर बँक दराहून दोन टक्के जास्त व्याज आम्हाला द्यावे लागते, आणि ते तुम्ही मागायची गरज नसते. तुमची रक्कम दोन-तीन दिवसांत एनईएफटीने निघेल.

मंजुरीनंतरही पैसे अडतात, ते बहुधा खात्यापाशी. म्हणून मंजुरीपत्रातला खाते क्रमांक आणि आयएफएससी तुमच्या पासबुकाशी अंक-अंक ताडून पाहा. खाते तुमच्या एकटीच्या नावाचे हवे. यजमान पहिले खातेदार असलेले जोडखाते दिले असेल, तर आजच कळवा. खात्यात जमा होऊ न शकलेली रक्कम बँकेकडून परत येते आणि मग नवा रद्द केलेला चेक मागवून सगळे पुन्हा करावे लागते.

रक्कम निघाली की यूटीआर क्रमांकाचा मेसेज येईल. तो येऊनही पासबुकात नोंद दिसली नाही, तर तो क्रमांक घेऊन आधी तुमच्या बँकेत जा. पैसे कुठे आहेत, हे त्यावरून त्यांना शोधता येते.

या दिवसांत ‘दावा सोडवण्यासाठी शुल्क भरा’ किंवा ‘ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. मंजूर दाव्यासाठी आम्ही एक रुपयाही घेत नाही. शंका आली तर शाखेत या, मुलांना सोबत आणा. हिशेबाचा कागद समोर ठेवून ओळ न् ओळ समजावून सांगेन.

आपला,
दावा अधिकारी