बिलापासून नोटेपर्यंत



सोमवारपासून तू गल्ल्यावर बसणार, म्हणून मोड परत देण्याबद्दल लिहितो. तुझी वजाबाकी चांगली आहे, पण गल्ल्यावर नेमकी तीच मला नको आहे. बिल झालं १३७ रुपये आणि गिऱ्हाइकाने दिली बंदी पाचशेची, तर तू पाचशेतून एकशे सदतीस वजा करायला जाशील. शून्यातून सात जात नाहीत, हातचा घ्यायचा, तर शेजारीही शून्यच. समोर चार माणसं खोळंबलेली, त्यातलं एक साबुदाण्याचा भाव विचारतंय, अशा वेळी एखादा हातचा सुटतो आणि ३६३ चे ३७३ होतात, नाहीतर ४६३. चूक झाली हे कळायलाही मार्ग नसतो, कारण ३७३ हा आकडाही ३६३ इतकाच खरा वाटतो. मग तेवढे पैसे तू अगदी बिनचूक मोजून देतोस.

म्हणून वजा करू नकोस, बिलापासून वर चढत जा. तोंडाने म्हण ‘एकशे सदतीस’, तीन रुपयांची नाणी काउंटरवर ठेव आणि म्हण ‘एकशे चाळीस’. दहाची ठेव, ‘दीडशे’. पन्नासची ठेव, ‘दोनशे’. मग शंभराच्या तीन, ‘तीनशे, चारशे, पाचशे’. संपलं. आधी नाण्यांनी दहाचा आकडा गाठायचा, मग शंभराचा, मग नोटेचा. पन्नासची नसेल तर वीस, वीस, दहा. एक पायरी मोठी होण्याऐवजी तीन लहान होतील, एवढंच. मात्र पैसे ठेवल्याशिवाय पुढचा आकडा उच्चारायचा नाही. जीभ हाताच्या पुढे गेली की दहाची नोट राहून जाते, आणि एकशे चाळीसवरून थेट ‘दोनशे’ म्हणत पन्नासची ठेवली जाते. पण ही चूक लपत नाही. समोरचं माणूस तुझ्याबरोबर मनात मोजत असतं, ते लगेच ‘अहो, एकशे नव्वद झाले’ म्हणतं. वजाबाकीत असा पहारेकरी मिळत नाही.

तू म्हणशील, मशीन किती परत द्यायचे ते दाखवतंच की. दाखवतं, पण त्याचं काम आकड्यापाशी थांबतं. ३६३ हे डोक्यात धरून तू गल्ल्यातून नोटा काढायच्या, त्या मोजायच्या आणि मग गिऱ्हाइकाने पुन्हा मोजायच्या. वर चढत गेलं की हिशोब आणि मोजणी एकाच फेरीत होते. शिवाय, पाचशे टिपून झाल्यावर गिऱ्हाईक हमखास म्हणतं, ‘थांबा, सुटे सात आहेत माझ्याकडे.’ मशीनवरचा आकडा तिथेच शिळा झाला. तू मात्र ते सात आधी बिलातून उतरवायचे, म्हणजे बिल राहिलं १३०. आता वीसची ठेवून दीडशे, पन्नासची ठेवून दोनशे, वर शंभराच्या तीन. चिल्लर एकही गेली नाही, उलट आली. सुट्यांची ओढ असलेल्या दुकानात हे सात रुपये नाकारू नकोस.

या पद्धतीचा खरा कच्चा दुवा दुसरीकडेच आहे. ती बिल आणि नोट यांच्यामधलं अंतर बरोबर मोजते; ती दोन टोकंच चुकली तर तिला काही कळत नाही. दोनशेची नोट पाचशेची समजलास, तर तू अतिशय शिस्तीत तीनशे रुपये जास्त देशील. म्हणून नोट हातात येताच ‘एकशे सदतीस, पाचशेची दिलीत’ असं मोठ्याने म्हण, आणि मोड देऊन होईपर्यंत ती गल्ल्यात टाकू नकोस, गल्ल्यावर आडवी ठेव. एकदा ती इतर नोटांत मिसळली की ‘मी पाचशेची दिली होती’ याला तुझ्याकडे उत्तर उरत नाही. वीसच्या आणि दोनशेच्या नोटा शेजारच्या खणांत ठेवू नकोस. दोन्ही पिवळसर, संध्याकाळच्या उजेडात हात फसतो.

आता बरेच जण फोनवरून पैसे देतात, मग एवढी उठाठेव कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. पण त्यामुळे गल्ल्यात सुटे कमी येतात, आणि रोख देणाऱ्यांतले बरेच जण बंदीच नोट पुढे करतात. मोड देण्याचे प्रसंग घटले, पण उरलेले प्रसंग अवघडच आहेत.

एक उणीव मात्र मी मान्य करतो. पाचशेपर्यंत पोचल्यावर ‘एकूण किती परत दिलेत?’ असं कुणी विचारलं तर तुला सांगता येणार नाही, कारण तो आकडा तू कधी काढलेलाच नसतो. तेव्हा गडबडून वजाबाकीकडे वळू नकोस. काउंटरवरचे पैसे मोठ्या नोटेपासून खाली मोज: तीनशे, साडेतीनशे, तीनशे साठ, आणि वर तीन. मोठे व्यापारी घाऊक मालाचे पैसे देताना हा आकडा मागतातच, त्यांना वहीत टिपायचा असतो. त्यांच्या बिलावर तो आधीच पेन्सिलीने लिहून ठेवलास तरी चालेल.